‘शोषलं जातं’ म्हणजे ‘उपयोगी पडतं’ नव्हे

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ओट्यावर चहा-साखरेच्या डब्यांशेजारी एक नवा गुलाबी डबा दिसला. आई रोज सकाळी त्यातली चमचाभर भुकटी कोमट पाण्यात ढवळून पीत होती. डबा महिनाभर पुरतो, किंमत सतराशे रुपये. “अरे, पंचविशीनंतर शरीरातलं कोलॅजन कमी व्हायला लागतं. मी तर छप्पनची आहे,” ती म्हणाली. वाक्य तिचं नव्हतं, रीलमधलं होतं.

सतराशे रुपयांबद्दल मी काही बोललो नसतो. पैसे तिचे, हौस तिची. पण तिला डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली होती आणि डब्यावर ‘प्रथिनं ९ ग्रॅम’ असं वाचून तिने सकाळची दोन अंडी बंद केली होती. तिथे मला राग आला. आईचा नाही, डब्याचा.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी पोचते आणि मध्ये कुठे अडकते, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून या चमचाभर भुकटीचा प्रवास मी तसाच तपासला. निष्कर्ष आधीच सांगतो: जाहिरात ‘शोषलं जातं’ आणि ‘उपयोगी पडतं’ या दोन वेगळ्या गोष्टींमध्ये बरोबरीचं चिन्ह टाकते, आणि सगळा धंदा त्या चिन्हावर उभा आहे.

कोलॅजन हे आपल्या त्वचेच्या आतल्या थराचं मुख्य प्रथिन. तीन लांब साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींना पिळलेल्या असतात आणि प्रत्येक साखळीत साधारण हजार अमिनो आम्लं असतात. हे फक्त प्राण्यांमध्ये सापडतं. मटणाचा पाया शिजवून गार केला की रस्सा थिजतो ना, ते कोलॅजनचं झालेलं जिलेटिन. कारखान्यात जनावरांची कातडी, हाडं किंवा माशांची त्वचा आणि खवले घेऊन हेच करतात. मग एन्झाइम्स वापरून जिलेटिनचे आणखी बारीक तुकडे पाडतात. पाण्यात विरघळणारे हे तुकडे म्हणजे डब्यावरचे ‘कोलॅजन पेप्टाइड्स’. म्हणजे मूळ कोलॅजन ग्लासात पडण्याआधीच तुटलेलं असतं. (आणि ज्या डब्यावर हिरवा ठिपका आहे, ‘प्लांट कोलॅजन’ लिहिलंय, त्यात कोलॅजन नाहीच. मागची यादी वाचा, बहुधा क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क सापडतील.)

आता ग्लासातून पोटात. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणारी एन्झाइम्स, या तुकड्यांचे आणखी तुकडे करतात. आतड्याच्या भिंतीतून आत जाते ती एकेकटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांच्या अगदी छोट्या जोड्या. या जोड्यांसाठी पेशींवर एक खास दारच असतं. आत गेल्यावर बहुतेक जोड्याही फुटतात. मग रक्तात उरतो तो अमिनो आम्लांचा साठा. तो डाळीतून आला, माशातून आला की सतराशेच्या डब्यातून, हे शरीर विचारत नाही.

इथे कोलॅजनची खिल्ली उडवणारे थांबतात: “पोटात सगळं सारखंच, विषय संपला.” मीही तिथेच थांबलो असतो, पण तेही पूर्ण खरं नाही. कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल भरपूर असतं, जे इतर अन्नात फारसं नसतं. ते असलेल्या काही जोड्या इतक्या चिवट असतात की पचनातून सुटतात. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की जिलेटिनचे असे तुकडे खाल्ल्यावर एक-दोन तासांत या जोड्या माणसाच्या रक्तात दिसतात आणि पुढच्या काही तासांत कमी होत जातात. त्यातली प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन ही जोडी प्रयोगशाळेत उंदराच्या त्वचेतल्या पेशींना दिली, तर त्या पेशींची वाढ होताना दिसली. म्हणजे कंपन्यांचा दावा हवेतून आलेला नाही. शरीराला या जोड्या ‘कोलॅजन तुटलंय, नवं बनवा’ अशा निरोपासारख्या वाटत असाव्यात, असा तो तर्क आहे.

पण तो तर्क आहे. पेशी बशीत असतात तेव्हा त्यांच्या आजूबाजूला दुसरं काही नसतं. शरीरात ही जोडी रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. तिच्यावर ‘गाल, डोळ्यांखाली’ असा पत्ता लिहिलेला नसतो. माझ्या कामात, सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट पोचल्याची नोंद लॉगमध्ये दिसली म्हणून काम झालं असं मी म्हटलं, तर लीड मला परत पाठवेल. पोचली ठीक, पण झालं काय? जाहिरात मात्र पोचल्याची नोंद दाखवूनच पैसे घेते. ‘९० टक्क्यांहून अधिक शोषण’ हे ठळक अक्षरांत असतं. अंड्याची आणि दुधाची प्रथिनंही ९० टक्क्यांहून जास्त पचतात. त्याचं कुणी गुलाबी डब्यावर छापत नाही.

मग झालं काय, हे पाहायचं तर माणसांवरचे प्रयोग पाहावे लागतात, आणि ते आहेत. २०१४ चा एक बराच उद्धृत होणारा प्रयोग घ्या. ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रिया, तीन गट. एकाला रोज अडीच ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड, दुसऱ्याला पाच ग्रॅम, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण कोलॅजन नसलेली भुकटी. आठ आठवड्यांनी त्वचा ओढून सोडल्यावर ती किती चटकन परत बसते, हे यंत्राने मोजलं. कोलॅजनवाल्या गटांत लवचिकता वाढलेली दिसली. त्याच प्रयोगात त्वचेच्या ओलाव्यात मात्र खात्रीने म्हणावा असा फरक आढळला नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही.

एकच प्रयोग घेऊन भांडण्यात अर्थ नाही, सगळे एकत्र पाहायला हवेत. २०२५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये असे २३ प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यांत एकूण १४७४ लोक होते. सगळे प्रयोग एका ढिगात टाकले तर कोलॅजन जिंकतं: ओलावा वाढतो, लवचिकता वाढते, सुरकुत्या कमी होतात. मग संशोधकांनी ढीग दोन भागांत वाटला. कंपन्यांचा पैसा असलेले प्रयोग एकीकडे, नसलेले दुसरीकडे. पहिल्या ढिगात फायदा तसाच राहिला. दुसऱ्या ढिगात ओलावा, लवचिकता, सुरकुत्या, कशातच लक्षणीय फरक दिसला नाही. प्रयोगांच्या दर्जानुसार वाटणी केली तेव्हाही चांगल्या दर्जाच्या प्रयोगांत परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ कंपन्यांनी आकडे खोटे लिहिले, असं मी म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. वीस गोष्टी मोजायच्या आणि ज्या दोन चांगल्या आल्या त्या मथळ्यात टाकायच्या. कोलॅजनबरोबर क जीवनसत्त्व, झिंक घालायचं आणि श्रेय कोलॅजनला द्यायचं. आणि निकाल वाईट आला तर तो छापायची घाई करायची नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की कंपनीच्या पैशाशिवाय झालेले प्रयोग थोडे आहेत, त्यामुळे ‘परिणाम नाहीच’ हे सिद्ध झालं असंही म्हणता येणार नाही. पण सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. आईने दरमहा सतराशे रुपये देऊन त्यांचा उरलेला प्रयोग चालवण्याचं कारण नाही.

क्रीमची गोष्ट याहून सोपी आहे, कारण तिथे पोचण्याचाच प्रश्न आहे. २००० साली दोन डच संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला: रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त असेल तर तो धडधाकट त्वचेच्या वरच्या थरातून सहसा आत जात नाही. अख्ख्या कोलॅजनचं वजन सुमारे तीन लाख डाल्टन. तुकडे केलेलं कोलॅजनही बहुधा काही हजारांत असतं. दाराच्या फटीतून गादी सरकवण्यातला प्रकार. समजा थोडं आत गेलंच, तरी त्वचेतलं कोलॅजन पेशींनी तिथल्या तिथे विणलेलं आणि एकमेकांत अडकवलेलं असतं. पडक्या भिंतीपाशी विटा ओतल्या म्हणून भिंत उभी राहत नाही.

मग क्रीम लावल्यावर चेहरा तुकतुकीत का दिसतो? कारण कोलॅजन पाणी धरून ठेवतं आणि त्वचेवर पातळ थर बनवतं. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा त्यामुळे काही तास बुजतात. म्हणजे ते मॉइश्चरायझर आहे. ओळखायची खूण सोपी: चार दिवस बंद करा. गेलेल्या रेषा परत आल्या, तर आत काही बांधलं गेलं नव्हतं. हेच काम साधं ग्लिसरीनवालं क्रीमही करतं आणि त्याची किंमत वाचून धाप लागत नाही.

त्वचेचं कोलॅजन वाचवण्याचे मार्ग आहेत, पण त्यांच्या नावात ‘कोलॅजन’ नसतं. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन कापणारी एन्झाइम्स वाढतात, म्हणून ऊन अडवणं हे पहिलं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवरच्या वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढल्या. दुसरं म्हणजे ट्रेटिनॉइन. त्याचा रेणू जेमतेम ३०० डाल्टनचा, त्यामुळे तो आत जातो आणि पेशींना कोलॅजन बनवायला लावतो. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत हे घडताना १९९३ मध्येच दाखवलं गेलं आहे. पण त्याने त्वचा सोलवटते, गरोदरपणात ते चालत नाही, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच.

आता त्या अंड्यांकडे येऊ, कारण भांडण तिथे सुरू झालं होतं. शरीराला नऊ अमिनो आम्लं बाहेरूनच मिळवावी लागतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये अजिबात नसतं. म्हणून प्रथिनांचा दर्जा मोजण्याच्या रूढ पद्धतीत कोलॅजनला शून्य गुण मिळतात, अंड्याला पैकीच्या पैकी. बाकी आहार भरपूर असेल तर ते खपून जातं. पण छप्पन वर्षांच्या, मुळात कमी जेवणाऱ्या बाईने स्नायूंसाठी सांगितलेली दोन अंडी काढून त्या जागी हे घेतलं, तर डब्यावरचे ‘९ ग्रॅम’ कागदावर खरे आणि ताटात खोटे ठरतात.

आईला मी हे सगळं सांगितलं नाही. डब्याची मागची बाजू आणि प्रयोगांचे ते दोन ढीग, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “पण अरे, नखं बरी झालीत माझी.” झालीही असतील. मी वाद घातला नाही. डबा संपेपर्यंत ती तो पिणार आहे, पैसे दिलेत म्हणून. अंडी मात्र दुसऱ्या दिवशीपासून परत सुरू झाली.