गट मोडताना

मैत्रिणींनो, व्हॉट्सअॅपवर गट काढणं फार सोपं असतं. भिशीचा, सहलीचा, हळदीकुंकवाचा गट पाच मिनिटांत होतो. तो मोडायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही ते चुकूनच कळलं.

मी घरी स्कॉलरशिपची शिकवणी घेते. 2023 साली परीक्षा झाल्यावर आयांच्या गटातून मी नुसती बाहेर पडले. वाटलं, गट मीच काढलेला, मी गेले म्हणजे तो संपला. महिन्याभरानं एक आई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही आता साड्या विकता का?" झालं होतं असं, की एकटी अॅडमिन निघून गेली की व्हॉट्सअॅप उरलेल्यांपैकी कुणालाही आपणहून अॅडमिन करतं. त्या कुणीतरी दोन-चार अनोळखी माणसं आत घेतली, आणि माझ्या शिकवणीच्या नावाखाली साड्यांचं दुकान सुरू झालं! हसू आलं खरं, पण त्याच गटात मुलांचे फोटो होते आणि घरच्या पत्त्यांची यादीही होती, ती आठवली आणि पोटात गोळा आला.

म्हणून 2025 च्या एप्रिलमध्ये तीस आयांचा गट मी रीतीनं मोडला. तो क्रम सांगते.

आधी दोन दिवस गटावर लिहिलं, "रविवारी गट बंद करते आहे. हवे ते फोटो उतरवून घ्या." मला हवे होते ते मीही बाजूला ठेवले, कारण शेवटी माझ्याकडचंही जाणार होतं. मग गटाच्या नावावर बोट ठेवून आमंत्रणाच्या दुव्यापाशी गेले आणि Reset link केलं. नाहीतर जुना दुवा कुणाकडे पडलेला असतो, आणि आपण इकडून काढतोय तोवर तिकडून नवीन कुणी येतं.

त्यानंतर सभासदांच्या यादीतलं एकेक नाव दाबून Remove करायचं. एकदम सगळ्यांना काढायची सोय मला मिळाली नाही. तीस नावांना पंधरा मिनिटं गेली, डाळ शिजेपर्यंत होतं. यादीत आपण एकट्याच उरलो, याची खात्री करायची आणि मगच Exit group. त्यानंतर Delete group दिसतं. क्रम उलटा केलात तर माझ्यासारखा साड्यांचा धंदा व्हायचा.

आता खरी गोष्ट ऐका. एवढं सगळं केलं तरी गट फक्त *माझ्या* फोनमधून गेला. तीस जणींच्या फोनमध्ये जुना गट तसाच दिसतो. त्यात नवीन काही येत नाही, त्यांना लिहिताही येत नाही, पण आधीचे निरोप वाचता येतात, आणि गॅलरीत उतरलेले फोटो तिथंच राहतात. आपल्या घराचं दार बंद केलं म्हणून दुसरीच्या घरी दिलेला डबा परत येत नाही, तसंच हे.

मग पत्त्यांच्या यादीचं काय? चुकून पाठवलेला निरोप Delete for everyone नं सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो, अॅडमिनला तर दुसऱ्यांचेही काढता येतात. पण त्याला मुदत असते, साधारण दोन-अडीच दिवसांची. माझी यादी जूनमधली, एप्रिलमध्ये ती हाती लागणार कशी? शेवटी गट मोडण्याआधी मी एकेका आईला वेगळं लिहिलं, "ती यादी आणि मुलांचे फोटो तुमच्या फोनमधून पुसून टाका." बहुतेकींनी "केलं बाई" म्हणून कळवलं. चौघींनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडचं काय झालं, मला आजही माहीत नाही, आणि कळायला काही मार्गही नाही.

टेलिग्रामवर हे थोडं वेगळं असतं. तिथं गटाच्या मालकिणीला सर्वांसाठी गट पुसून टाकता येतो, आणि तो सगळ्यांच्याच यादीतून जातो. तरी कुणी आधीच फोटो आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवला असेल, तर तो उरतोच.

तेव्हा यंदा जूनमध्ये नवा गट काढताना मी दोन गोष्टी केल्या. निरोप 90 दिवसांनी आपोआप पुसले जातील, अशी सोय पहिल्याच दिवशी लावली. आणि पत्त्यांची यादी? ती शिकवणीच्या वहीत लिहिली, आणि वही कपाटात ठेवली.