विश्लेषण : त्र्यंबकेश्वरपर्यंत बस येते, मग पाड्यापर्यंतचे शेवटचे १० किलोमीटर का अडतात?

नाशिकहून निघालेली बस साधारण तासाभरात त्र्यंबकेश्वरला पोहोचते. एसटी आहे, सिटीलिंक आहे, शिवाय खासगी टॅक्सीही आहेत. पण त्र्यंबकच्या स्थानकावर उतरून पुढे पाड्यावर जाणाऱ्याचा खरा प्रवास तिथून सुरू होतो. गावची बस दिवसातून मोजक्याच वेळा सुटते. ती चुकली तर काळी-पिवळी भरेपर्यंत थांबायचे, कुणाच्या तरी दुचाकीवर बसायचे, नाहीतर चालायचे. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलचेही तेच. ‘फाट्यावर येऊन घेऊन जा’ असा फोन येतो.

सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे त्र्यंबकच्या रस्त्यांवर आणि वाहनतळांवर मोठा खर्च होतो आहे. ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ आहे आणि मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. भाविकांना शहरापर्यंत आणण्याचे नियोजन होते, मग तालुक्यातल्या लोकांना शहरापासून घरापर्यंत नेण्याचे गणित का जमत नाही?

अडचण वाहनांची आहे की वेळेची?

२०११च्या जनगणनेनुसार त्र्यंबक शहराची लोकसंख्या सुमारे १२ हजार. पण हे तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील, बँक, दवाखाना, महाविद्यालय यासाठी आसपासच्या गावांतून लोक इथे येतात. ही गावे सलग नाहीत. मुख्य रस्त्यावर फाटा, फाट्यापासून आत गाव आणि गावाभोवती विखुरलेले पाडे अशी इथली रचना आहे. मेटघर किल्ला ग्रामपंचायतीतल्या काही वाड्या तर ब्रह्मगिरीच्या अंगावरच आहेत.

अशा ठिकाणी ५० आसनी बस दर तासाला पाठवणे परवडत नाही, कारण मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी सगळ्यांना त्र्यंबककडे यायचे असते, संध्याकाळी सगळ्यांना परत जायचे असते. म्हणजे सकाळी गाडी येताना भरलेली आणि जाताना रिकामी, संध्याकाळी उलट. मधल्या वेळेत दोन-चारच प्रवासी. बस कमी झाल्या की लोक दुचाकी घेतात. दुचाकी घेतली की बसचे प्रवासी आणखी कमी होतात. मागे उरतात ते विद्यार्थी, वृद्ध आणि गाडी न चालवणाऱ्या स्त्रिया.

भाड्यातही एक मेख आहे. एसटीत मार्च २०२३पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास. ही सवलत एसटीच्या दारापर्यंतच. पुढच्या टप्प्यात जीप किंवा रिक्षात पूर्ण भाडे. ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज, त्यांच्यासाठी हा छोटा टप्पाच जास्त महाग पडतो.

मग छोटी गाडी चालवली तर?

हा सर्वांत सहज सुचणारा उपाय. तो कितपत टिकतो ते एका उदाहरणातून पाहू. त्र्यंबक स्थानकापासून १० किलोमीटरवरचे एक गाव धरा. तीन प्रवाशांची विजेवरची रिक्षा, दिवसाला पाच फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटर. पुढचे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

गाडी साडेतीन लाखांची असून त्यातले तीन लाख १२ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,९०० रुपये. महिन्यात २६ दिवस गाडी चालली तर दिवसाला ३०० रुपये. चढ-उतार धरून वीज १३० रुपये. विमा, टायर, दुरुस्ती मिळून १५० रुपये. चालकाची रोजी ५०० रुपये. एकूण खर्च जवळपास १,१०० रुपये.

आता उत्पन्न. भाडे ३० रुपये धरले आणि दहाही एकेरी खेपांत तिन्ही जागा भरल्या, तरी ९०० रुपयेच मिळतात. म्हणजे गाडी कायम भरलेली असूनही तोटा. प्रत्यक्षात एका बाजूने तीन आणि दुसऱ्या बाजूने एक असे धरले, तर दिवसाला २० प्रवासी आणि ६०० रुपये. रोजची तूट ५०० रुपये.

इथेच एका जुन्या तक्रारीचे उत्तर मिळते. जीपवाले क्षमतेपेक्षा जास्त माणसे का कोंबतात? आणि गाडी भरल्याशिवाय का हलत नाहीत? त्यात लोभ असेलही, पण नियमात राहून, ठरल्या वेळी, या भाड्यात गाडी चालवली तर हिशेब बसत नाही. नुसती कारवाई केली तर गर्दी कमी होत नाही, गाडी बंद होते.

पार्सलने ही तूट भरते का?

काही प्रमाणात. कुरिअर कंपन्यांसाठी त्र्यंबकचा पिनकोड ४२२२१२ हा एकच आकडा असतो. संगणकाच्या दृष्टीने तिथे सेवा उपलब्ध दिसते, पण त्या एका पिनकोडात शहरही येते आणि दूरची गावेही. एका पार्सलसाठी २० किलोमीटरची दुचाकीफेरी परवडत नाही, म्हणून ग्राहकाला फाट्यावर बोलावले जाते. पत्ता अचूक नसणे ही यातली छोटी अडचण आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेल्या ‘डिजिपिन’मुळे साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनालाही स्वतंत्र संकेतांक मिळतो. घर सापडेल, पण तिथे जाण्याचा खर्च तसाच राहील.

मात्र प्रवासी घेऊन गाडी त्या गावाला जाणारच असेल, तर तीच पार्सलेही नेऊ शकते. सकाळी गाडी त्र्यंबकहून गावाकडे रिकामी जाते. नेमका तेव्हाच पार्सलांचा प्रवासही त्याच दिशेने असतो. दिवसाला २० पार्सले आणि प्रत्येकी १५ रुपये धरले तर ३०० रुपये मिळतात. तूट ५०० वरून २०० वर येते.

ही कल्पना नवी नाही. एसटीने वर्षानुवर्षे गावोगाव वृत्तपत्रांचे गठ्ठे आणि पार्सले पोहोचवली. स्वित्झर्लंडमध्ये १९०६ पासून टपालाच्या मोटारी प्रवासीही नेतात. जपानच्या इवाते प्रांतात २०१५ मध्ये प्रवासी घटल्याने अडचणीत आलेल्या बसमार्गावर कुरिअर कंपनीचा माल ठेवण्यासाठी बसच्या मागच्या भागात जागा केली गेली.

यात एक पथ्य आहे. गाडी घरोघर पार्सल वाटत बसली तर तिचे वेळापत्रक कोलमडते. त्यामुळे गावातले एक किराणा दुकान हे पार्सलांचे ठिकाण ठरवावे लागते. दुकानदाराला पार्सलमागे काही पैसे द्यावे लागतात, म्हणजे १५ रुपयांतले सगळे गाडीला मिळत नाहीत. रोख रक्कम देऊन घ्यायच्या वस्तू आणि परत पाठवायच्या वस्तू यांची जबाबदारी कुणाची, हेही आधीच ठरलेले असावे लागते. शिवाय प्रवासी रिक्षा म्हणजे मालवाहू टेम्पो नव्हे. छोटी खोकी चालतील, फ्रिज चालणार नाही.

उरलेले २०० रुपये कुणी द्यायचे?

दिवसाला २०० म्हणजे वर्षाला सुमारे ६२ हजार रुपये. मार्गावरच्या चार ग्रामपंचायतींत वाटले तर प्रत्येकी साडेपंधरा हजार. रक्कम फार मोठी नाही. अडचण आहे ती पैसे देण्याच्या पद्धतीत.

चालकाला सरसकट अनुदान दिले तर तो गाडी गावाकडे नेईलच असे नाही. श्रावणी सोमवारी किंवा सुटीच्या दिवशी वाहनतळ ते मंदिर या छोट्या फेरीत भाविकांकडून मिळणारे भाडे गावच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्या दिवशी गाडी तिकडे वळणार हे उघड आहे. म्हणून पैसे गाडीसाठी नव्हे, तर वेळेवर पूर्ण केलेल्या फेरीसाठी द्यावे लागतात. फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर नाही.

नाशिकमध्ये जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली सिटीलिंक याच धर्तीवर चालते. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकिटाचे उत्पन्न महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे जाते. पण तिथलाच अनुभव सांगतो की कर्मचाऱ्यांचे वेतन थकले की सेवा ठप्प होते. छोट्या गावात एकच गाडी असताना तीन महिन्यांचे देयक रखडले तर चालक हप्ता भरू शकणार नाही आणि सेवा तिथेच संपेल.

कायदा आड येतो का?

काही अंशी. रस्त्यात थांबत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत प्रवासी नेणे म्हणजे टप्पा वाहतूक. राज्यात ती मुख्यतः एसटीचा अधिकार मानली जाते. काळी-पिवळीचा परवाना सहसा संपूर्ण गाडी भाड्याने देण्याचा असतो, त्यामुळे ती कायम कारवाईच्या छायेत चालते. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये विजेवरच्या वाहनांना परवान्यातून सूट दिली, पण नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा लागतोच.

राज्याने २०२५ मध्ये विजेवरच्या बाइक टॅक्सीचे धोरण आणले. ते किमान एक लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. १२ हजारांचे त्र्यंबक त्यात बसत नाही. जिथे बस कमी, तिथेच हा पर्याय नाही.

कोणत्या ठिकाणी हे चालणार नाही?

शाळा सुटताना ४० मुली एकाच वेळी निघतात. त्यांना तीन जागांची रिक्षा उपयोगाची नाही, तिथे बसच हवी. छोटी गाडी बसच्या मधल्या रिकाम्या वेळेसाठी आहे, बसऐवजी नाही. तसे न करता गाडी सुरू झाली म्हणून बसची फेरी रद्द झाली, तर गाव आधीपेक्षा वाईट स्थितीत जाईल.

दुसरी मर्यादा पावसाची आणि चढाची. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, याचा कंपनीचा आकडा सपाट रस्त्याचा असतो. भरलेली गाडी घाटात तेवढी चालत नाही, म्हणून दुपारी स्थानकावर चार्जिंगची सोय नसेल तर संध्याकाळची शेवटची फेरी धोक्यात येते. आणि शेवटची फेरी हमखास नसेल तर लोक सकाळीही या गाडीने येत नाहीत.

सेवा जमते आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

त्यासाठी तीन नोंदी पुरेशा आहेत : जागा नसल्याने किती जण मागे राहिले, गाडी किती किलोमीटर रिकामी धावली आणि नाशिकची बस उशिरा आल्याने किती जणांची पुढची गाडी चुकली. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. बस २० मिनिटे उशिरा आली तर गाडी थांबेल का, याचे उत्तर आधीच ठरलेले आणि स्थानकावर लिहिलेले असायला हवे.

आणखी एक साधी खूण आहे. गावकरी वेळापत्रक पाहण्याऐवजी चालकाचा मोबाइल नंबर मागू लागले, तर समजावे की वेळापत्रकावरचा विश्वास उडाला आहे.

कुंभमेळ्याशी याचा संबंध काय?

२०१५च्या कुंभमेळ्यात बाहेरून आलेली वाहने खंबाळ्याला थांबवून भाविकांना एसटीने त्र्यंबकपर्यंत नेण्यात आले. गाडी बाहेर, पुढे ठरलेली फेरी, हीच ती व्यवस्था. म्हणजे शेवटच्या टप्प्याचे नियोजन कसे करायचे, हे यंत्रणेला माहीत आहे. या वेळी उभ्या राहणाऱ्या थांब्यांपैकी आणि चार्जिंगच्या सोयींपैकी काही स्थानकाजवळ आणि फाट्यांवर कायमस्वरूपी राहिल्या, तर २०२७ नंतर गावांना त्यांचा उपयोग होईल. स्नानांनंतर सगळे मंडपाबरोबर उचलले गेले, तर फाट्यावर उतरलेल्या माणसाला पुढची वाट पायीच तुडवावी लागेल.