सुरू करायला सही दोघांची, थांबवायला एकाची पुरे

'खातं जॉइंट आहे, दोघांच्या सह्या आणा.' नवरा-बायको वेगळे राहू लागले आणि त्यांच्यापैकी एकजण संयुक्त खात्यातून दरमहा कटणारा हप्ता थांबवायला शाखेत गेला, की काउंटरवर हेच ऐकायला मिळतं. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत नोकरी केली. या वाक्यापुढे हरून परत जाणारी माणसं, त्यातही बायका, मी पुष्कळ पाहिली. दोघांच्या सह्या मिळत असत्या तर ती व्यक्ती एकटी आली नसती. हे वाक्य नुसतं निष्ठुर नाही, चुकीचं आहे. ते चुकीचं का, आणि बरोबर काय, हे मला सांगायचं आहे.

माझ्या भाचीचंच उदाहरण घेतो. खातं दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं. नवरा मे महिन्यात वेगळा राहायला गेला आणि त्याने आपला पगार दुसऱ्या बँकेत वळवला. भाचीचा 78,000 रुपये पगार मात्र दर एक तारखेला याच खात्यात जमा होत राहिला. त्यातून पाच तारखेला घरकर्जाचे 32,400, सातला गाडीच्या कर्जाचे 11,850, दहाला तिच्या एसआयपीचे 5,000 आणि पंधराला नवऱ्याच्या टर्म पॉलिसीचे 1,460 रुपये कटत. त्याच्या जिमचे 1,999 रुपये यूपीआय ऑटोपेमधून जात. एकूण 52,709. गाडी त्याच्याकडे, गाडीचं कर्ज एकट्याच्या नावावर, हप्ता मात्र तिच्या पगारातून. ती शाखेत गेली, तर तेच वाक्य ऐकायला मिळालं. वर आणखी एक सल्ला: 'किंवा फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणा.'

यातला पहिला पूर्वपक्ष सह्यांचा. त्याचा आधार असा सांगतात की खातं दोघांचं, म्हणून त्यावरचा प्रत्येक निर्णय दोघांचा. पण बँक खात्यातून पैसे देते तो अधिकार कुठून येतो? खातेदारांनी तिला दिलेल्या परवानगीतून. दोघांनी मिळून दिलेली परवानगी एकाने काढून घेतली, की ती दोघांची उरत नाही. म्हणूनच चेकच्या बाबतीत बँकिंगचा जुना आणि रुळलेला नियम आहे: संयुक्त खात्यावरचा चेक कोणीही सही केलेला असो, त्याचं पेमेंट कोणताही एक खातेदार थांबवू शकतो. ते स्टॉप पेमेंट उठवायचं असेल तर मात्र सगळ्यांनी सांगावं लागतं. थांबवणं एकाच्या हातात आणि पुन्हा सुरू करणं सगळ्यांच्या, ही विषमता मुद्दाम ठेवलेली आहे. थांबलेले पैसे खात्यातच राहतात, उद्याही देता येतात. गेलेले पैसे परत आणायला वकील लागतो.

आपोआप कटणाऱ्या हप्त्यांना हाच नियम लावायचा. ईसीएसच्या काळातच रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की ग्राहकाने मँडेट मागे घेतलं तर ते चेकच्या स्टॉप पेमेंटसारखंच मानायचं. ईसीएसची जागा आता एनपीसीआयच्या नॅचने घेतली आहे. कर्ज घेताना भरून दिलेल्या नॅचच्या फॉर्मकडे एकदा नीट पाहा. वर तीन चौकटी असतात: नवं मँडेट, बदल आणि रद्द. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे मँडेट रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा मला अधिकार आहे आणि ती विनंती मी कंपनीला किंवा माझ्या बँकेला कळवू शकतो. त्यातल्या 'किंवा' या शब्दापुढे ना-हरकत पत्राची मागणी टिकत नाही. बँक आपल्या ग्राहकाची, कर्ज देणाऱ्या कंपनीची वसुलीदार नव्हे.

आता उलटा पूर्वपक्ष. तो वकिली सल्ल्याच्या रूपात येतो: 'आयदर ऑर सर्व्हायव्हर आहे ना, मग तुम्ही एकट्याने काहीही करू शकता.' हेही खरं नाही. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ही फक्त बँकेला दिलेली सूचना आहे, की दोघांपैकी कोणाच्याही सहीवर पैसे द्या. पैसा कोणाचा, हे ती ठरवत नाही. 1928 साली 'गुरनदित्ता विरुद्ध रामदित्ता' या प्रकरणात प्रिव्ही काउन्सिलने हेच म्हटलं होतं. नवऱ्याने आपला पैसा स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर अशाच अटीवर ठेवला होता. तेवढ्याने तो बायकोला दान दिल्यासारखा होत नाही, असा तो निवाडा होता. शिवाय एका सहीवर व्यवहार चालतो, म्हणून खात्याची रचना एका सहीवर बदलत नाही. नाव कमी करणं, पद्धत 'जॉइंटली' करणं यांना सगळ्यांच्या सह्या लागतात. मँडेटची रक्कम किंवा खातं बदलायचं असेल तर खात्याच्या पद्धतीप्रमाणे नवी सही लागते आणि कंपनीने ते मँडेट नव्याने नोंदवावं लागतं. एकट्याच्या हातात निर्विवादपणे काय आहे? थांबवणं.

तिसरा सल्ला घरचे देतात आणि तो सगळ्यांत घातक आहे: 'पगार दुसरीकडे वळव, खातं रिकामं होऊ दे, हप्ते आपोआप बाउन्स होतील.' खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत जाणं आणि खातेदाराने थांबवला म्हणून परत जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली, देणं फेडण्यासाठी दिलेला इलेक्ट्रॉनिक हप्ता शिल्लक अपुरी म्हणून परत गेला, कंपनीने 30 दिवसांत नोटीस दिली आणि नोटिशीनंतर 15 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर तो गुन्हा होतो. चेक बाउन्ससारखाच. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय भाची घरकर्जात सहकर्जदार होती. ते खातं रिकामं झालं असतं तर पाच तारखेचा घराचा हप्ताही परत गेला असता आणि सिबिलवरचा डाग दोघांवर पडला असता. गाडीच्या कर्जात ती नव्हतीच. संयुक्त खात्याच्या चेकबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे की ज्याने चेकवर सही केली नाही, त्या सहखातेदारावर त्या चेकसाठी फौजदारी चालत नाही. पण ज्या कर्जावर आपली सही आहे, तिथे हा आधार नाही.

म्हणून आम्ही क्रम ठरवला. आधी तिच्या एकटीच्या नावाचं नवं खातं उघडलं. मग घरकर्जाच्या कंपनीला लिहून नव्या खात्यावरून मँडेट नोंदवलं आणि त्यातून पहिला हप्ता गेल्याचं पाहिलं. त्यानंतरच जुनं घरकर्जाचं मँडेट काढायला सांगितलं. हे करण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. भारतीय करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे संयुक्त कर्जदारांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते, पण ज्याने भरली तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. संयुक्त खात्यातून भरलेला हप्ता कोणी भरला, यावर पुढे वाद घालता येतो. स्वतःच्या खात्यातून भरलेल्या हप्त्यावर तो घालता येत नाही.

मग राहिली गाडी. पासबुकाच्या नोंदीत `ACH D` या अक्षरांपुढे कंपनीचं नाव होतं. शाखेकडून खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मँडेटची यादी मागितली आणि गाडीच्या मँडेटचा यूएमआरएन क्रमांक घेतला. अर्जात तिने लिहिलं की या क्रमांकाचं मँडेट मी सहखातेदार म्हणून मागे घेते, यापुढचा हप्ता 'खातेदाराने पेमेंट थांबवलं' या कारणाने परत पाठवावा, आणि याची सूचना दुसऱ्या खातेदारालाही द्यावी. अर्ज दोन प्रतींत, पोच शिक्क्यानिशी, हप्त्याच्या तारखेच्या कामकाजाचे चार दिवस आधी दिला. आदल्या संध्याकाळी दिलेला अर्ज सकाळी आलेल्या फाइलच्या मागे राहतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या खातेदाराला कळवण्याचा आग्रह माझा होता. विरुद्ध बाजूचा एक रास्त आक्षेप त्याने मिटतो: एकाला थांबवता आलं, तर तो सूड म्हणून मुलांच्या विम्याचा हप्ताही थांबवेल. भीती खरी आहे. पण थांबवल्याने कर्ज फिटत नाही, पॉलिसी त्या दिवशी बंद पडत नाही, आणि कळलं की दुसरा स्वतःच्या खात्यातून भरू शकतो. आयुर्विम्याच्या मासिक हप्त्याला 15 दिवसांची सवलत असते, इतर हप्त्यांना 30 दिवसांची. गुपचूप थांबवण्यातच धोका आहे, उघड थांबवण्यात नाही. नवऱ्याच्या टर्म पॉलिसीचा हप्ता भाचीने थांबवलाच नाही. नॉमिनी त्यांची मुलगी होती. तो हप्ता कटण्याइतकी रक्कम ती दरमहा जुन्या खात्यात ठेवत राहिली. कायद्याने तिला थांबवता आलं असतं. तिने नाही थांबवलं, आणि मला ते पटलं.

यूपीआय ऑटोपे मात्र वेगळं प्रकरण आहे. ते ज्याच्या मोबाइलवरून सुरू झालं, त्याच्याच यूपीआय ॲपमधून रद्द होतं. भाचीला जिमचं मँडेट दिसतही नव्हतं. कार्डावरच्या आणि यूपीआयवरच्या अशा वसुलीची 24 तास आधी सूचना यावी लागते, पण ती मँडेट करणाऱ्याला येते. अशा वेळी शाखेला वादाची लेखी नोटीस देऊन दोघांच्या सहीशिवाय खात्यावर व्यवहार नको असं सांगता येतं आणि बँका ते पाळतात. आम्ही ते केलं नाही, कारण तशी नोटीस सगळंच थांबवते, विम्याचा हप्तासुद्धा. पैसे उपसले जात असतील तर तो मार्ग योग्य. बाईचा छळ होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 18 खाली दंडाधिकारी संयुक्त खात्यावरचे व्यवहार आपल्या परवानगीशिवाय करण्यास मनाई करू शकतात. 1,999 रुपयांसाठी एवढं हत्यार काढायचं नव्हतं. तिचा पगार नव्या खात्यात हलल्यावर जुन्या खात्यात विम्यापुरतीच रक्कम राहिली, आणि जिमचं देणं तिच्या नावावर नव्हतंच.

शाखेने पहिल्यांदा अर्ज घ्यायला नकार दिला. आम्ही नॅचच्या फॉर्मची कोरी प्रत पुढे ठेवली आणि त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. नकार द्यायचा असेल तर लेखी द्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येईल, एवढंच म्हटलं. मॅनेजरने अर्ज वाचला, आत फोन केला आणि शिक्का मारला.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला गाडीचा हप्ता आला आणि परत गेला. नोंदीत कारण शिल्लक अपुरी असल्याचं नव्हतं, पेमेंट थांबवल्याचं होतं. दोन दिवसांनी नवऱ्याने फायनान्स कंपनीला स्वतःच्या नव्या खात्याचं मँडेट दिलं.