ओठांची कड

लोणारच्या विवराच्या काठावर सकाळच्या उन्हात घेतलेले छायाचित्र हाती आले आणि नियोजित वधूचा चेहरा उतरला. ‘‘वहिनी, रंग तर फिकाच लावला होता, मग ओठ असे चिकटवल्यासारखे का दिसतात?’’ वहिनींनी छायाचित्र निरखून पाहिले. ‘‘दोष रंगाचा नाही गं, कडेचा आहे.’’

निसर्गतः ओठांना रेषा नसते. रंग आतल्या बाजूस गडद असतो व बाहेर येता येता विरत जातो. पेन्सिलीने अखंड रेघ ओढून आत सारखा रंग भरला, की हे विरणेच नाहीसे होते. घरातील पिवळ्या दिव्याखाली ते लपते. उघड्या उजेडात मात्र प्रथम तेच डोळ्यांत भरते.

त्यात आणखी एक अडचण होती. आपल्याकडे पुष्कळांचा वरचा ओठ खालच्यापेक्षा सावळा असतो. त्यावर फिकट गुलाबी रंग राखट दिसतो, म्हणून थरावर थर चढतात. वहिनींनी तो मार्ग सोडला. आधी थोडे मलम लावून दहा मिनिटांनी ते टिपून घेतले, कारण कोरड्या सालपटांवर कोणताही रंग ठिपक्यांनी बसतो. मग विटकरी छटेचा अगदी पुसट हात केवळ वरच्या ओठाच्या सावळ्या भागावर बोटाने दाबून बसवला. त्यानंतर ओठांच्या आतील बाजूच्या रंगाशी जुळणारी, किंचित गडद छटा दोन्ही ओठांच्या मध्यभागी लावून बोटानेच कडेकडे थोपटत नेली. कागदी रुमालाने टिपून पुन्हा एकच पातळ हात दिला. पेन्सिल वापरली ती ओठांच्याच रंगाची, आणि तीही जेथे कड पुसट होती तेथेच: दोन्ही कोपऱ्यांत व वरच्या ओठाच्या मधल्या खळगीशी. त्या तुटक रेघाही लगेच आत पुसून घेतल्या. कड ओठांबाहेर नेऊन ओठ मोठे दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. जवळून ते लपत नाही.

खरेदीच्या वेळी वहिनींनी वेष्टनावरील बारीक अक्षरेही वाचली होती. CI 75470 किंवा कार्माइन हा लाल रंग कोचिनील नावाच्या कीटकांपासून काढतात, तर Cera Alba म्हणजे मधमाश्यांचे मेण. वेष्टनाच्या दर्शनी भागावरील फुलापानांच्या चित्रांवरून यांतले काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आरसा खिडकीपाशी नेऊन, हातभर अंतरावरून पारख झाली. ओठांआधी डोळे दिसले. जेवणानंतर पुन्हा पाहिले, तेव्हा मधला रंग ओसरला होता. पण भोवती गडद कडे उरले नव्हते. पहिल्या खेपेला नेमके तेच उरले होते.