दुकानदार २४० जणांना पाठवतो, मग ‘नवीन माल आलाय’ हा मेसेज निम्म्यांनाच का मिळतो?

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन एकदम टिंग टिंग करायला लागतो. उघडून बघावं तर नेहमीच्या साडीवाल्या ताईंचे फोटो आलेले असतात. एकामागे एक अठरा साड्या, प्रत्येकीवर नंबर आणि किंमत, आणि शेवटी ‘हवी असेल तर नंबर पाठवा’ अशी ओळ. तुम्हाला सात नंबरची आवडते, तुम्ही घाईघाईनं ‘७ हवी’ असं टाकता आणि पाच मिनिटांनी उत्तर येतं, ‘ताई, ती गेली हो!’

बरं, संध्याकाळी तुमची बहीण म्हणते, ‘मला तर मेसेजच आला नाही.’ ती पण त्याच ताईंची जुनी गिऱ्हाईक असते.

साडी असो, घरगुती मसाले असोत, मासे असोत नाहीतर लहान मुलांचे कपडे, आज हजारो छोटे व्यवसाय या एका मेसेजवर चालतात. त्याला म्हणतात ब्रॉडकास्ट. बाहेरून साधी वाटणारी ही गोष्ट आतून कशी चालते, आणि त्यात पैसे व गिऱ्हाईक नेमके कुठे गळतात, तेच समजून घेऊ.

ग्रुप वेगळा, ब्रॉडकास्ट वेगळा

ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळे दिसतात. कोणी काय घेतलं, कोणी भाव करून मागितलं, कोणाचा नंबर काय, सगळं उघड असतं. ब्रॉडकास्टमध्ये मेसेज एकदाच लिहायचा, पण तो प्रत्येकाच्या खासगी चॅटमध्ये जाऊन पडतो. उत्तरही फक्त दुकानदाराला दिसतं. गिऱ्हाईकाला वाटतं, हा मेसेज मलाच पाठवलाय.

एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात. त्याहून जास्त गिऱ्हाईक असतील तर दुसरी यादी करता येते. म्हणजे २५६ हा आकडा काही खरा अडथळा नाही. खरी गोम वेगळीच आहे.

नंबर तुम्ही सेव्ह केलाय, त्यांनी केलाय का?

व्हॉट्सॲपचा नियम असा आहे की ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह आहे. दुकानदाराकडे गिऱ्हाईकाचा नंबर सेव्ह असून भागत नाही. उलट बाजूनंही तो सेव्ह लागतो. कोणीही कुठून तरी हजार नंबर गोळा करून त्यांच्यावर जाहिरातीचा मारा करू नये, म्हणून हा नियम आहे.

आता उदाहरणासाठी धरू की नाशिकच्या एका ताईंच्या यादीत २४० नावं आहेत. मेसेज पाठवल्यावर त्यांनी तो दाबून धरला आणि ‘इन्फो’ उघडलं. तिथं कोणाला मेसेज पोहोचला आणि कोणी वाचला, याची नावानिशी यादी मिळते. पोहोचलेले निघाले १३२. म्हणजे १०८ जणांपर्यंत मेसेज गेलाच नाही.

त्यातल्या काहींचा फोन बंद असेल, काहींनी ब्लॉक केलं असेल. पण दोन दिवसांनीही तीच नावं गायब असतील, तर बहुतेकांनी नंबर सेव्हच केलेला नाही असं समजायला हरकत नाही. याचं कारणही सोपं आहे. हल्ली क्यूआर कोड स्कॅन केला किंवा लिंकवर टिचकी मारली की नंबर सेव्ह न करताच चॅट सुरू होतं. गिऱ्हाईक पहिली ऑर्डर देतं, पार्सल मिळतं, व्यवहार संपतो. दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक जोडलं गेलं. प्रत्यक्षात ते यादीत फक्त नावाला असतं.

यावर जुन्या मुरलेल्या विक्रेत्या एक साधी गोष्ट करतात. पहिल्या पार्सलमध्ये चिठ्ठी टाकतात, ‘नवीन माल आधी बघायचा असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि सेव्ह असं लिहून पाठवा.’ ज्यांचं उत्तर येतं, त्यांचीच नावं यादीत घालतात. यादी लहान होते, पण खरी होते. शिवाय गिऱ्हाईकानं स्वतःहून होकार दिलेला असतो, हे महत्त्वाचं.

एक लक्षात ठेवा. ‘वाचला’ची यादी मात्र पूर्ण खरी मानू नका. ज्यांनी निळ्या टिकची सोय बंद ठेवली आहे, ते मेसेज वाचूनही त्या यादीत दिसत नाहीत.

एक साडी, नऊ गिऱ्हाईकं

आता दुसरी अडचण. ब्रॉडकास्टमध्ये एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसत नाही, हा त्याचा फायदा आहे आणि तोच तोटाही. सात नंबरची साडी एकच आहे आणि वीस मिनिटांत नऊ जणींनी ‘हवी’ म्हटलं. ग्रुप असता तर पहिलीचा मेसेज बघून बाकीच्या थांबल्या असत्या. इथे नऊही जणींना वाटतं की साडी आपलीच.

त्यात दोघी जणी उत्साहानं लगेच पैसेही पाठवून देतात. मग एकीला साडी द्यायची, दुसरीला पैसे परत करायचे आणि वर माफी मागायची. दुकानदाराचा अख्खा दिवस यात जातो आणि एक गिऱ्हाईक कायमचं नाराज होतं.

म्हणून मेसेजमध्ये ऑर्डरच्या पायऱ्या नीट लिहिणं हा खरा मुद्दा आहे. साधारण असा मेसेज काम करतो :

‘नवीन कॉटन साड्या, एकूण १८. प्रत्येक नंबरची एकच साडी. सोबत ब्लाउज पीस. किंमत १,४५० रुपये, महाराष्ट्रात कुरिअर धरून.
१. साडीचा नंबर आणि तुमचा पिनकोड पाठवा.
२. माझं “ठेवली” असं उत्तर आलं तरच पैसे पाठवा.
३. “ठेवली” नंतर दोन तास साडी तुमच्यासाठी राखून ठेवेन, मग पुढच्या नंबराला देईन.
मेसेज नको असतील तर “नको” लिहा, राग नाही.’

यात ‘ठेवली’ हा एक शब्द सगळा गोंधळ वाचवतो. ज्या क्रमानं मेसेज आले त्या क्रमानं पहिलीला ‘ठेवली’, बाकीच्यांना ‘तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात’. पैसे हलण्याआधी साडी कोणाची हे ठरलेलं असतं.

फोटोंचंही एक गणित आहे. बरेच फोटो एकत्र पाठवले की व्हॉट्सॲप त्यांचा एक गठ्ठा करतं. वरचे थोडेच दिसतात आणि बाकीचे ‘+’ मागे लपतात. शिवाय फोटो पुढे पाठवला की खालची ओळ सोबत जाईलच असं नाही. त्यामुळे नंबर आणि किंमत फोटोवरच लिहिलेली बरी. आणि सूचनांचा मेसेज फोटोंच्या आधी न पाठवता शेवटी पाठवायचा. नाहीतर अठरा फोटोंच्या वर तो कुठे जातो ते गिऱ्हाईकाला सापडत नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

यूपीआयचा ‘पेमेंट झालं’ असा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. म्हणून विक्रेत्यानं स्वतःच्या बँक खात्यात किंवा यूपीआय ॲपमध्ये रक्कम जमा झालेली बघूनच पार्सल बांधावं.

गिऱ्हाईकाच्या बाजूनं धोका उलटा आहे. हेच फोटो उचलून दुसऱ्याच नंबरवरून, कमी किमतीत, तसाच मेसेज येतो. ‘आमचा नंबर बदललाय’ अशी ओळही असते. अशा वेळी जुन्या नंबरवर एक फोन करून विचारायचं. पैसे पाठवण्याआधी यूपीआय ॲप समोरच्याचं नाव दाखवतं, ते वाचायचं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं. पैसे पुढे वळते होण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता राहते.

फुकटची वाट अरुंद होतेय

आता यातला ताजा भाग. एसएमएसच्या जाहिराती नको असतील तर डीएनडी लावता येतो. ट्रायचे ते नियम कॉल आणि एसएमएससाठी आहेत, व्हॉट्सॲपला ते लागू नाहीत. त्यामुळे इथे गिऱ्हाईकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, ब्लॉक आणि रिपोर्ट.

आणि दुकानदाराची खरी भीती तीच आहे. बऱ्याच लोकांनी रिपोर्ट केलं तर नंबर बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲप आपल्या मासिक अहवालात भारतातले किती नंबर बंद केले ते सांगतं आणि तो आकडा दर महिन्याला लाखोंमध्ये असतो. ‘एका क्लिकवर हजार मेसेज’ म्हणून जी बाहेरची सॉफ्टवेअर विकली जातात, ती वापरणं तर नियमांत बसतच नाही. नंबर गेला की यादी गेली, जुनी चॅट गेली आणि पॅम्प्लेटवर छापलेला नंबरही वाया गेला.

त्यातच २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनं महिन्याला किती ब्रॉडकास्ट पाठवता येतील यावर मर्यादा घालण्याच्या चाचण्या सुरू केल्या. मोठ्या व्यवसायांसाठी पैसे भरून पाठवायची वाट वेगळी आहे. तिथं मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि १ जुलै २०२५ पासून पोहोचलेल्या प्रत्येक मेसेजमागे शुल्क लागतं. भारतात जाहिरातीच्या मेसेजचा दर एक रुपयाच्या आत आहे, पण मधल्या कंपनीचं भाडं वेगळं असतं. आणि पैसे भरले म्हणून मेसेज पोहोचेलच असंही नाही. एका माणसाला सगळ्या व्यवसायांकडून मिळून किती जाहिराती मिळाव्यात, यावर कंपनीचा लगाम असतो.

आपल्या ताईंचा हिशोब करू. २४० जणांना आठवड्यातून एकदा, म्हणजे महिन्याला साधारण हजार मेसेज, म्हणजे हजार रुपयांच्या आतलं शुल्क अधिक भाडं. अठरा साड्या विकणाऱ्या घरगुती व्यवसायाला हे दर महिन्याला परवडेल का, हा प्रश्न आहे.

स्टेटस हा फुकटचा पर्याय आहे, पण तो २४ तासांत जातो. चॅनलवर कोणीही येऊ शकतं, पण तिथं ‘७ हवी’ असं उत्तर देता येत नाही. म्हणजे फिरून फिरून गाडी ब्रॉडकास्टवरच येते.

म्हणून तो १३२ चा आकडा वाईट वाटून घेण्यासारखा नाही. त्या १३२ जणींनी नंबर सेव्ह केलाय, म्हणजे ताईंचा माल त्यांना बघायचाय. उरलेल्या १०८ जणींवर सॉफ्टवेअर चालवून नंबर धोक्यात घालण्यापेक्षा त्यांना पुढच्या पार्सलमधून एक चिठ्ठी पाठवलेली बरी. आणि तुमच्या बहिणीला मेसेज येत नसेल तर तिला एवढंच सांगा, ताईंचा नंबर आधी सेव्ह कर.