आभार आणि स्वीकृती
कासार आंबोलीच्या एखाद्या कारखान्यात निवड झाल्याचे कळले आहे, परंतु वेतन व रुजू होण्याची तारीख यांविषयी मनुष्यबळ विभागाशी वाटाघाट अद्याप चालू आहे, अशा अवस्थेत मुलाखत घेणाऱ्या अभियंत्यास आभाराचा ईमेल अवश्य धाडावा. मात्र त्यात पगाराचा मजकूर आणू नये, आणि ‘प्रस्ताव मान्य आहे’ असे तर मुळीच लिहू नये, कारण १८७२ च्या करार कायद्याचे सातवे कलम स्वीकृती बिनशर्त असावी असे सांगते, आणि तसे शब्द लेखी गेले की पुढील मागणीचा जोर ओसरतो. ‘निवडीबद्दल आभारी आहे, साच्यांच्या देखभालीविषयी आपण केलेली चर्चा मोलाची वाटली, अटींचा तपशील मनुष्यबळ विभागाशी ठरत आहे,’ एवढा मजकूर पुरे. नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका.