कार्डाची पद्धत जाहीर करा, गुपित फक्त किल्लीत ठेवा

मेट्रो, बस, सरकारी इमारतीचे दार, महाविद्यालयाचे ग्रंथालय: सगळीकडे आता टेकवायचे कार्ड आले आहे. अशी कार्डे सार्वजनिक पैशातून खरेदी होतात तेव्हा एखादा पुरवठादार सांगतो की आमची सांकेतिक पद्धत गुप्त आहे, म्हणूनच ती सुरक्षित आहे. माझ्या मते हे ऐकल्यावर तो प्रस्ताव तिथेच नाकारायला हवा. का, ते नेदरलँड्समधल्या एका कार्डाच्या गोष्टीतून मांडतो.

1. गुप्त पद्धत चिपमध्येच असते, आणि चिप प्रत्येकाच्या खिशात असते.
मायफेअर क्लासिक हे बिनस्पर्शाचे कार्ड 1990च्या दशकात बाजारात आले. डच कंपनी एनएक्सपीची ही चिप लंडनच्या ऑयस्टर कार्डात होती, नेदरलँड्सच्या नव्या प्रवासी कार्डातही होती, आणि जगभर तिच्या शंभर कोटींच्या घरात प्रती विकल्या गेल्या होत्या. आतल्या अल्गोरिदमचे नाव क्रिप्टो-1. तो कसा चालतो हे कंपनीने कधीच जाहीर केले नव्हते.

डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी तो कसा शोधून काढला ते दाखवले. त्यांनी कार्डाचे प्लास्टिक रसायनात विरघळवून चिप मोकळी केली, तिचा एकेक थर घासत नेला आणि प्रत्येक थराचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले. मग संगणकाच्या मदतीने फोटोंतली तर्कद्वारे ओळखली. सांकेतिक भाग अवघ्या काहीशे द्वारांचा निघाला. यासाठी कुणाचे कार्यालय फोडावे लागले नाही, कुणाला लाच द्यावी लागली नाही. लागले ते फक्त एक कार्ड, आणि ते तर कुणालाही विकत मिळत होते.

2. किल्ली बदलता येते, पद्धत बदलता येत नाही.
ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे पॅरिसमध्ये शिकवणारे डच भाषातज्ज्ञ. 1883 मध्ये लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना त्यांनी एक अट घातली होती: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. त्यांच्यासमोर तारयंत्रावर बसलेले सैनिक होते. त्यातला एखादा कधीतरी पकडला जाणार, हे गृहीतच होते. अशा वेळी उरलेल्या सैन्याने त्याच संध्याकाळी नवी किल्ली घेऊन काम पुढे चालू ठेवावे, एवढाच त्या अटीचा अर्थ.

कार्डांच्या बाबतीत हा फरक अधिकच बोचतो. किल्ली म्हणजे काही बिटांचा एक आकडा. तो फुटला तर नवा लिहिता येतो. अल्गोरिदम मात्र सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. तो फुटला तर कोट्यवधी कार्डे आणि प्रत्येक फाटकावरचे वाचक बदलावे लागतात, आणि तो खर्च प्रवाशांच्या आणि करदात्यांच्याच माथी येतो.

3. लपवलेल्या पद्धतीत चुकाही लपून राहतात.
हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पद्धत कळली म्हणून क्रिप्टो-1 कोसळला असे नाही. पद्धत कळल्यावर आतले दोष दिसले, आणि त्या दोषांमुळे तो कोसळला.

त्याची किल्ली 48 बिटांची, म्हणजे सुमारे 281 लाख कोटी शक्यता. आजच्या हिशेबाने हे तोकडे आहे, पण प्रत्येक शक्यता खरोखर तपासावी लागली असती तर निदान काही कष्ट पडले असते. तेवढीही गरज पडली नाही. चिपमध्ये 48 बिटांची एक रांग दर पावलाला एक घर सरकते, आणि प्रत्येक पावलाला तिच्यातल्या वीस बिटांवरून सांकेतिक प्रवाहाचा एक बिट ठरतो. ते वीसही बिट विषम घरांतले होते. त्यामुळे एका पावलाचे उत्तर फक्त विषम घरांविषयी सांगते आणि पुढच्या पावलाचे फक्त सम घरांविषयी. हल्लेखोराला दोन्ही अर्धे वेगवेगळे सोडवून नंतर जुळवता येतात. एक अवाढव्य कोडे असे दोन लहान कोड्यांत मोडले.

दुसरा दोष यादृच्छिक आकड्याचा. ओळख पटवताना कार्ड दर वेळी नवा, अंदाज न येणारा आकडा पाठवते अशी अपेक्षा असते. इथे आकडा दिसायला 32 बिटांचा होता, पण तयार होत होता 16 बिटांवरून. म्हणजे जेमतेम 65 हजार शक्यता. शिवाय कार्डाला वीज मिळाल्यापासून किती वेळ गेला, यावर तो ठरायचा. वेळ नेमकी साधली की तोच आकडा पुन्हा मिळवता यायचा.

नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दोष जोडून दाखवले की खऱ्या वाचकासोबतच्या एक-दोन अर्धवट ओळख-संवादांवरून साध्या संगणकावर सेकंदाच्या आत किल्ली काढता येते. मार्च 2008 मध्ये त्यांनी सरकारला आणि कंपनीला हे आधी कळवले. कंपनीने शोधनिबंध रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली. 18 जुलै 2008 रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. नुकसान होत असेल तर ते निबंधामुळे नाही, सदोष चिप बनवून विकल्यामुळे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

कुणी म्हणेल, गुप्ततेमुळे निदान दहा-बारा वर्षे तरी निभावले ना? पण त्याच वर्षांत ही कार्डे जगभर पसरली. आणि त्या काळात आणखी कुणी चिप उघडली होती का, हे कुणीच सांगू शकत नाही. चोरीसाठी उघडणारा निबंध छापत नाही.

4. उघड पद्धतीने काय मिळते ते एईएसकडे पाहून कळते.
अमेरिकेच्या मानक संस्थेने 1997 मध्ये नव्या अल्गोरिदमसाठी जगभरातून प्रस्ताव मागवले. पंधरा आले. प्रत्येकाचा तपशील जाहीर होता आणि स्पर्धकांनीच एकमेकांचे प्रस्ताव फोडण्याचा प्रयत्न केला. 2000 मध्ये योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीचा प्रस्ताव निवडला गेला, तोच एईएस. 2011 मध्ये 128 बिटांच्या पूर्ण एईएसवर एक हल्ला प्रसिद्ध झाला. त्याने सगळ्या किल्ल्या तपासण्याचे काम जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आले. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र धरले तर 48 बिटांचा शोध पाच मिनिटांत संपतो. 128 बिटांना त्याच यंत्राला 1 वर 19 शून्ये इतकी वर्षे लागतील. त्याचा चौथा हिस्सा केला तरी काय फरक पडणार? वर्षानुवर्षे जगातले तज्ज्ञ धडका देत असूनही एवढेच हाती लागले, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

5. पद्धत उघड केली म्हणजे काम झाले असे मात्र नाही.
एईएस वापरूनही कारखान्यातून आलेली मूळ किल्ली तशीच ठेवली, किंवा सगळ्या कार्डांत एकच किल्ली भरली, तर एक कार्ड फुटताच सगळी फुटतात. म्हणून मुख्य किल्ली आणि कार्डाचा अनुक्रमांक यांतून प्रत्येक कार्डाची स्वतंत्र किल्ली काढतात आणि मुख्य किल्ली सुरक्षित उपकरणाबाहेर येऊ देत नाहीत.

6. निविदेत या अटी हव्यात.
अल्गोरिदमचे नाव लिहिलेले असावे आणि तो प्रसिद्ध, तपासला गेलेला असावा. प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी असावी. किल्ली फुटल्यास ती किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने बदलणार, हे करारात असावे. दोष शोधून आधी कळवणाऱ्या संशोधकावर खटला भरणार नाही, असे पुरवठादाराने लिहून द्यावे. आणि हा दस्तऐवज नागरिकांना मागताच मिळावा. त्यात किल्ल्या नसतात, त्यामुळे तो नाकारायला सुरक्षेचे कारण पुढे करता येणार नाही.